दर भागाला हूक हवा आणि मोठी गोष्टही पुढे सरकायला हवी, हे जमवायचं कसं?

सांजवारा

माझी दीर्घकथा सुरू आहे. ३० भाग ठरवले आहेत, दर आठवड्याला एक, प्रत्येक भाग साधारण १२०० शब्दांचा. ११ भाग टाकून झालेत, १२, १३ आणि १४ चे कच्चे खर्डे तयार आहेत आणि तिथे मी अडले आहे.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. मृणालचा भाऊ अनिरुद्ध ९ वर्षांपूर्वी एका रात्री घर सोडून गेला. पहिल्या भागात मृणालला त्याचं पत्र येतं, त्यावर पत्ता नाही. तो का गेला, हा कथेचा मोठा प्रश्न. (कथा वाचत असाल तर पुढे सावधान, इथे काही गोष्टी फुटणार आहेत.)

१२ व्या भागाच्या शेवटी मृणाल रात्री एकटी घरी आहे, अनोळखी नंबरवरून फोन येतो, पलीकडे फक्त श्वासाचा आवाज. क्रमशः. १३ व्या भागात कळतं की तो चुकून लागलेला फोन होता. मग ती अनिरुद्धच्या मित्राकडे, गिरीशकडे जाते. तो दार उघडतो आणि म्हणतो, "मला वाटलंच होतं तू येशील." क्रमशः. १४ मध्ये गिरीशला फारसं काही माहीत नसतं.

आतापर्यंतच्या प्रत्येक भागाखाली 'पुभाप्र', म्हणजे 'पुढील भागाच्या प्रतीक्षेत', येतंय. पण खर्डे वाचून मैत्रिणीने एकच प्रश्न विचारला, "पहिल्या भागानंतर मृणालला नवीन काय कळलंय?" मला धड उत्तर देता आलं नाही. हूक सोडायचे नाहीत, पण कथा जागच्या जागी घुटमळायलाही नको. जाणकारांनी सांगावं.

अर्धविराम

ताई, हूक म्हणजे प्रसंग मधेच तोडणं. दार वाजलं की तोडायचं, दार उघडल्यावर नाही. वाचकाच्या मनात 'कोण आलं असेल' एवढं राहिलं की तो पुढच्या आठवड्यात येतोच. तुमचा फोनचा शेवट त्या दृष्टीने उत्तम आहे. गिरीशचा मात्र एक वाक्य उशिरा तोडलाय. तो दारात दिसला की थांबा, बोलू देऊ नका.

कथा पुढे नेण्याचं काम भागाच्या मधल्या मजकुराने करावं. शेवट वेगळा, कथानक वेगळं. दोन्हींची गल्लत करू नका.

चकोर

चांगला धागा. माझी सहा भागांची भयकथा आहे, तिचा शेवट कसा करावा कळत नाहीये. भूत खरं होतं की नाही हे उघडं ठेवावं का?

सांजवारा

चकोर, मी संपूर्ण कथेच्या शेवटाबद्दल नाही, दर भागाच्या शेवटाबद्दल विचारतेय. तुमचा प्रश्नही महत्त्वाचा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढाल का? मी तिथे नक्की येईन.

तळटीप

सांजवारा, तुमचे अकराही भाग वाचलेत. आवडताहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

अर्धविराम यांचं निम्मं पटतं. कुठे तोडायचं याला महत्त्व आहेच. पण शेवट वेगळा आणि कथानक वेगळं, हे मला मान्य नाही. तुमची अडचण नेमकी तिथेच आहे. फोनचा शेवट घ्या. १२ चा शेवटचा परिच्छेद आणि १३ चा पहिला परिच्छेद, दोन्ही काढून टाका. कथेत काय बिघडलं? काहीच नाही. मृणाल तरीही गिरीशकडे जाणार, तेवढंच जाणून जाणार. जो हूक काढला तरी पुढचा भाग जसाच्या तसा राहतो, तो कथेला बाहेरून चिकटवलेला असतो. वाचक एकदा फसतो, दुसऱ्यांदा रागावतो आणि तिसऱ्यांदा तुम्ही खरा धोका दाखवलात तरी तो म्हणतो, असेल पुन्हा राँग नंबर. हे नुकसान मोठं आहे, कारण पंचविसाव्या भागात तुम्हाला त्याच विश्वासाची गरज लागणार आहे.

आता असे शेवट लिहावे का लागतात ते बघू. माझा अंदाज असा की तुम्ही खरी माहिती सगळी शेवटासाठी राखून ठेवली आहे. मोठा प्रश्न एक, त्याचं उत्तर ३० व्या भागात. मग मधल्या भागांना द्यायला हातात काय उरतं? वाजणारे फोन आणि वाजणारी दारं.

तुमच्याच कथेतला एक धागा दाखवतो. पहिल्या भागातल्या पत्रात अनिरुद्ध लिहितो, "निळ्या दारातून आत शिरताना तुला अजून ठेच लागते का?" आणि सातव्या भागात आई बोलता बोलता सांगते की बाबा गेल्यावर पुढच्या वर्षी दार निळं रंगवलं, आधी तपकिरी होतं. बाबा जाऊन ६ वर्षं झाली. म्हणजे दार निळं झालं ५ वर्षांपूर्वी. अनिरुद्ध गेला ९ वर्षांपूर्वी. त्याला दार निळं असल्याचं कळलं कसं?

हे ठरवून पेरलंय की योगायोग आहे?

सांजवारा

तळटीपजी, इतकं बारकाईने वाचलंत, फार बरं वाटलं. ठरवूनच पेरलंय. पण ते उघड होणार आहे २१ व्या भागात. आई पहिल्यापासून अनिरुद्धच्या संपर्कात आहे, हे तिथे कळणार. आणि अगदी शेवटी हे की पैशाची अफरातफर बाबांनी केली होती, आळ अनिरुद्धने स्वतःवर घेतला आणि त्याला घरातून जायला आईनेच सांगितलं होतं.

अर्धविराम

मग २१ लाच ठेवा. इतका मोठा धक्का १२ मध्ये उधळलात तर २१ ला काय करणार?

तळटीप

अर्धविराम, ही भीती रास्त आहे आणि लिहिणारा प्रत्येक जण याच भीतीने माहिती दाबून ठेवतो. पण १२ मध्ये किती उघडायचं ते बघा. 'आई संपर्कात आहे' हे नाही उघडायचं. उघडायचं ते एवढंच की अनिरुद्धला दाराचा रंग माहीत आहे. म्हणजे एकतर तो येऊन गेलाय, किंवा त्याला कोणीतरी सांगतंय. उत्तर कोणतंही असो, मृणालचा प्रश्न आजपासून बदलला. आजवर ती 'तो कुठे आहे' शोधत होती. आता ती 'कोणाला माहीत आहे' शोधेल. तिची नजर बाहेरून घरात वळली. याला मी कथा पुढे सरकणं म्हणेन आणि हे घडलं ते नेमकं हूकमध्ये.

तुमचा मोठा प्रश्न असा थराथरांनी उतरवता येतो. त्याला घर दिसलंय किंवा कोणी सांगितलंय, हा पहिला थर, १२ व्या भागात. सांगणारी आई आहे, हा दुसरा, साधारण १६ व्या भागात. आईनेच त्याला घालवलं, हा तिसरा, २१ ला. आणि खरा दोष कोणाचा, हा २७ किंवा २८ ला. शेवटचे दोन-तीन भाग त्या सत्याचं मृणाल काय करते यासाठी मोकळे राहतात, आणि ते लागतातच. प्रत्येक थराचं उत्तर मिळालं की त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो. आई त्याला पत्रं लिहिते हे कळल्यावर वाचक समाधान मानून बसत नाही. तो विचारतो, मग मुलीपासून ९ वर्षं लपवलं का? त्यामुळे तुमचा २१ वा भाग आता आहे त्यापेक्षा जड होईल, कारण तिथे पोचेपर्यंत वाचकाने आईवर चार-पाच भाग संशय घेतलेला असेल.

पानगळ

मी लिहीत नाही, फक्त वाचते, तेव्हा वाचकाच्या बाजूने बोलते. मी कथा पूर्ण झाल्यावरच सगळे भाग सलग वाचते. तेव्हा हे फोन आणि दारं फार खटकतात. आठवडाभर थांबलेला वाचक 'हुश्श' म्हणत असेल, मला मात्र दोन मिनिटांत उत्तर मिळतं आणि उत्तर पोकळ असलं की ते लगेच दिसतं. काही कथांमध्ये तर चार-पाच भागांनंतर मी प्रत्येक भागाचा शेवटचा परिच्छेद सोडूनच देते.

तळटीप

पानगळ ताईंच्या या प्रतिसादातून एक तपासणी मिळते. भाग टाकायच्या आधी लागोपाठचे तीन खर्डे एका बैठकीत वाचा, मधे 'क्रमशः' नाही असं समजून. जिथे एखादा प्रसंग विनाकारण तुटून पुन्हा जोडल्यासारखा वाटतो तिथे हूक खोटा आहे. जिथे शेवटचं वाक्य प्रकरणाचा नैसर्गिक शेवट वाटतं आणि तरी पुढचं पान उलटावंसं वाटतं तिथे तो खरा.

सांजवारा

थरांचं पटलं. १२ चा शेवट दारावर न्यायचा हे नक्की. पण १३, १४, १५ चं काय? थर १६ ला उतरणार म्हणजे मधले तीन भाग पुन्हा फोनवर येतील अशी भीती वाटते.

तळटीप

मधल्या भागांचे हूक मृणालच्या कृतीतून काढा. बाहेरून काही येऊन आदळायची गरज नाही. तिला रंगाचा संशय आला, आता ती काय करेल? आईला थेट विचारणार नाही, पण गप्पही बसणार नाही. मी असतो तर १३ व्या भागात तिला आईजवळ स्वयंपाकघरात बसवलं असतं आणि सहज विचारल्यासारखं विचारायला लावलं असतं, "आई, दार कधी रंगवलं गं आपण?" आणि आई हातातलं काम न थांबवता म्हणते, "तो गेला त्याच्या आधीच की." क्रमशः.

इथे कोणी कोणाच्या मागे लागलेलं नाही, आवाज नाही, अंधार नाही. पण सातव्या भागात आईनेच खरं वर्ष सांगितलेलं वाचकाने ऐकलंय. आई खोटं बोलली हे त्याला कळतं आणि आता ते का, हे त्याला हवं असतं. भाग संपला तेव्हा कथाही एक पाऊल पुढे गेली, कारण आई आता संशयित आहे.

१४ मध्ये मृणाल निर्णय घेते. आईचं पोस्टात टाकायचं, अजून न चिकटवलेलं पाकीट तिच्या हाती येतं, ती आतलं पत्र वाचत नाही, पाकिटावरचा पत्ताही बघत नाही, पण त्यात स्वतःची एक ओळीची चिठ्ठी सरकवते. निर्णय हा फार चांगला हूक असतो, कारण त्याचा परिणाम यायचाच असतो, लेखकाला तो टाळता येत नाही. १५ मध्ये परिणाम यायला लागतो आणि १६ ला दुसरा थर उतरतो. गिरीश या साखळीत कुठेच बसत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याला गाळा किंवा १८ च्या पुढे न्या, तेव्हा त्याच्याकडे सांगायला काहीतरी असू द्या.

अर्धविराम

आईच्या खोट्याचा शेवट आवडला, मान्य करतो. पण एक शंका. सातव्या भागातलं वर्ष वाचकाला तेराव्यात आठवेल? मधे सहा आठवडे गेलेत. नाही आठवलं तर तुमचा हूक फुसका. दार वाजलेलं मात्र सगळ्यांना कळतं, त्याला स्मरणशक्ती लागत नाही.

तळटीप

शंका अगदी योग्य आहे. आठवड्याला एक भाग वाचणाऱ्याला एवढा तपशील लक्षात राहत नाही, असंच धरून चालावं. म्हणून ज्या तपशिलावर हूक उभा आहे तो त्याच भागात, शेवटापासून दूर, वेगळ्या कामासाठी पुन्हा आणावा. १२ च्या पहिल्या चारशे शब्दांत मृणाल कपाट आवरताना रंगाऱ्याची पावती सापडू द्या, तारखेसह. तिथे ती पावती म्हणजे बाबांच्या माघारी आईने केलेल्या पहिल्या खर्चाची आठवण आहे, एवढंच. मृणाल हळवी होते आणि पुढे जाते. वाचकही पुढे जातो. मग शेवटी ती पत्र वाचते. पावती आणि पत्र एकाच भागात असल्यामुळे नवा वाचकसुद्धा गणित करू शकतो. शेवटाच्या अगदी आधी पावती आणलीत तर मात्र हूक आधीच दिसेल.

आणि १३ च्या सुरुवातीला 'मागील भागात' असा गोषवारा देऊ नका. मृणालने पावती घडी करून पत्राच्याच पाकिटात ठेवली, एवढं एक वाक्य पुरे. आठवणही होते आणि ती काहीतरी लपवायला लागलीय हेही दिसतं.

घनश्याम_

मला हे सगळं फार आखीव वाटतंय. मी आराखडा न करता लिहितो. भाग कुठे संपणार हे मलाच माहीत नसतं, म्हणून वाचकालाही कळत नाही. थर, १२, १६, २१ असं ठरवलं की पात्रं त्या आकड्यांच्या मागे धावायला लागतात. मृणालला १४ व्या भागातच आईला जाब विचारावासा वाटला तर तिला १६ पर्यंत थोपवणार का? ते वाचकाला लगेच जाणवतं. पात्र कारण नसताना गप्प बसलं की कथेचा जीव जातो.

तळटीप

घनश्याम, शेवटच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. मृणाल जाब विचारणार असेल तर विचारू द्या, थर दोन भाग आधी उतरला तर उतरला. थरांचा क्रम महत्त्वाचा, आकडे नाहीत. दोन माणसांनी एक सरळ प्रश्न विचारला तर सुटेल असा गुंता भाग वाढवण्यासाठी ताणणं, हे मला राँग नंबरपेक्षाही वाईट वाटतं.

पण आराखड्याशिवाय साप्ताहिक कथा लिहिताना एक अडचण येते. छापलेला भाग मागे घेता येत नाही. इथे संपादनाची सोय असली तरी वाचून पुढे गेलेला वाचक परत येऊन वाचत नाही. त्यामुळे आज टाकलेल्या हूकचं उत्तर आज माहीत नसेल तर पुढच्या आठवड्यात ते जुळवावं लागतं आणि जुळवलेलं उत्तर बहुतेक वेळा हूकपेक्षा लहान निघतं.

चार्ल्स डिकन्स मासिक अंकांतून कादंबऱ्या लिहायचा, एक अंक ३२ पानांचा. १८४६ साली सुरू केलेल्या कादंबरीपासून त्याने प्रत्येक अंकासाठी केलेली टिपणं जपलेली आहेत. कागदाच्या उजव्या बाजूला त्या अंकातली प्रकरणं. डाव्या बाजूला स्वतःलाच विचारलेले प्रश्न, अमुक पात्र या अंकात आणायचं का, आणि पुढे उत्तर, हो, नाही, अजून नाही. मला त्यातलं 'अजून नाही' सगळ्यात उपयोगी वाटतं. मी माझ्या वहीत दर भागासमोर तीनच गोष्टी लिहितो. कोणता प्रश्न उघडला, कोणता मिटला, आणि भाग संपताना कोणाला काय नवीन माहीत झालं. तिसरा रकाना लागोपाठ दोन भाग रिकामा राहिला की मी थांबतो. पहिला रकाना भरत गेला आणि दुसरा रिकामा राहिला तर वाचक कंटाळतोय, हे तो सांगायच्या आधी मला कळतं.

घनश्याम_

वही भाग लिहून झाल्यावर भरायची असेल तर मला चालेल. आधी भरायची असेल तर नाही. हूकचं उत्तर माहीत नसताना लिहिण्यात जी धार येते ती मला सोडायची नाहीये.

पानगळ

वाचक म्हणून एक विचारते. मागच्या हूकचं उत्तर पुढच्या भागात नेमकं कुठे यावं? काही जण पहिल्याच ओळीत देऊन टाकतात आणि मग उरलेला भाग सपक लागतो. काही जण दुसऱ्याच पात्राकडे जातात आणि दोन-दोन भाग उत्तरच देत नाहीत, तेव्हा चीड येते.

अर्धविराम

याचा मला अनुभव आहे. मी उत्तर साधारण पहिल्या तिसऱ्या हिश्शापर्यंत देतो. १२०० शब्दांचा भाग असेल तर चारशेच्या आसपास. सुरुवातीला प्रसंग चालू ठेवायचा, ताण टिकवायचा, मग उत्तर, आणि उरलेल्या दोन हिश्शांत त्या उत्तराने काय घडवलं ते. दुसऱ्या पात्राकडे जायचं असेल तर एकच भाग, आणि त्या भागाने स्वतःचं काहीतरी दिलं पाहिजे.

तळटीप

सुंदर. यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. १२ चा शेवट नव्याने लिहिलाय. पावती पहिल्या तिसऱ्या हिश्शात नेली. शेवटचा परिच्छेद असा आहे:

"पत्राच्या घड्या आता मऊ पडल्या होत्या. मृणालने ते पुन्हा वाचलं, नेहमीसारखं, शेवटापासून सुरुवातीकडे. 'निळ्या दारातून आत शिरताना तुला अजून ठेच लागते का?' ती हसली. मग तिचं हसू थांबलं. तिने कपाट उघडून रंगाऱ्याची पावती काढली आणि तारीख पाहिली. अनिरुद्ध गेला तेव्हा दार तपकिरी होतं. म्हणजे कोणीतरी त्याला सांगत होतं."

अर्धविराम

जमलंय! फक्त शेवटचं वाक्य काढा. 'अनिरुद्ध गेला तेव्हा दार तपकिरी होतं' इथेच थांबा. पुढचं वाचकाला लावू द्या.

पानगळ

मला ते वाक्य हवंय. सगळे वाचक इतक्या बारकाईने वाचत नाहीत.

तळटीप

मीही अर्धविराम यांच्या बाजूने, आणि आणखी एका कारणाने. 'कोणीतरी सांगत होतं' म्हटलं की तो स्वतः येऊन गेला असेल ही दुसरी शक्यता तुम्हीच बंद करता. ती १३ पर्यंत उघडी राहिली तर मृणाल आधी शेजाऱ्यांकडे चौकशी करेल, अनिरुद्धला कोणी पाहिलं का म्हणून, आणि मग आईकडे वळेल. पानगळ ताईंची काळजीही खरी आहे, त्यासाठी त्याच्या आधीचं वाक्य जरा उलगडा. पावतीवरचं वर्ष आकड्यात दिसू द्या.

सांजवारा

वर्ष घालते आणि शेवटचं वाक्य काढते. पानगळ, भाग टाकला की तुम्हाला गणित लागलं का ते त्याखाली सांगा, नाही लागलं तर १३ च्या सुरुवातीला शेजारच्या काकूंच्या तोंडी ते घालीन. गिरीशला १९ पर्यंत थांबवलंय.